परत या

माझे थोरले दीर घरात दीर आणि दुकानात मालक, त्यामुळे माझी सुटका दोन्हीकडे नाही. शहापुरात खाली आमचं साड्यांचं दुकान, वर आम्ही. मोबाईलच्या मॅपवर लोक दुकानाला पाच तारे देऊन कौतुक लिहू लागले, तेव्हा उत्तरं देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाक्य मात्र भावजींचं: 'आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार. असाच लोभ असावा, सहकुटुंब परत या.' कन्नड भाषेत लिहिणाऱ्यांनाही तेच.

"भावजी, कुणी काठाचं लिहितंय, कुणी रंगाचं. सगळ्यांना एकच कसं?"

"वाक्यात वाईट काय हाय? लई इचार करू नको, चिकटव."

मी चिकटवत राहिले. रोज तेच. जीव गुदमरायचा.

मग मी दोन दिवस माहेरी खानापूरला गेले आणि भावजींनी स्वतःच उत्तरं चिकटवली. परत येऊन बघते, तर एका बाईंनी लिहिलं होतं: 'आई सवाष्ण गेली. उजाडायच्या आत वहिनींनी दुकान उघडून हिरवी साडी दिली. आईला पोपटी आवडायचा नाही, हे त्यांच्या ध्यानात होतं.' वहिनी म्हणजे मी. खाली आमचं उत्तर. सहकुटुंब परत या.

अशी शेवटची साडी नेणाऱ्याला आमच्याकडे कुणी 'या' म्हणत नाही. पुडी हातात द्यायची, मान खाली घालायची. हे भावजींनीच मला शिकवलं होतं. गादीवर बसून त्यांनी ही चूक जन्मात केली नसती.

आमच्या उत्तराखाली त्या बाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपलाच अभिप्राय बदलला होता. तारे पाचच ठेवले होते. शेवटी एक ओळ वाढवली होती: 'आता कुणासाठी येऊ?'

मला रडू आलं, आणि भावजींचा भयंकर राग. मी त्यांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काढून टाक आपलं उत्तर."

"काढलं तर लपवल्यासारखं दिसंल. बदलते."

ते माझ्या पाठीमागून हलले नाहीत. त्यांच्या सावलीतच मी टाईप केलं. दुकानाचं नाव नाही, आमंत्रण नाही, नुसते आभारही नाहीत: 'ताई, ते वाक्य तुम्ही लिहिलेलं न वाचता टाकलं गेलं, माफ करा. आई आल्या की आधी साडी दारात नेऊन उजेडात बघायच्या. त्या दिवशी उजाडलं नव्हतं, तरी मीही ती दारात नेऊन बघितली. त्यांना चालली असती, असं वाटलं.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती ओळ काढलेली दिसली. कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला. मी मोबाईल भावजींपुढे धरला. चष्मा वर करून त्यांनी माझं उत्तर दोनदा वाचलं.

"झकास लिवलंयस," ते म्हणाले. "आता आईचं तेवढं काढ, आन् हेच सगळ्यांना टाकत जा."