आईचं एक वाक्य

पिंपळे सौदागरच्या ऑफिसात माझं काम एवढंच होतं: मशीननं लिहिलेलं मराठी वाचायचं आणि चुकांवर खुणा करायच्या. चाकणच्या कारखान्यांत कामगारांना मोबाईलवर सुरक्षेच्या सूचना देणारं एआय मॉडेल होतं ते. ‘मशीनची आवाज आली तर ध्यान द्या. हातमोज्यांचा प्रयोग करा.’ मराठीचे कपडे घातलेली हिंदी! माझं डोकं फिरायचं.

टीम लीडर सांगवीचा. म्हणाला, “मॅडम, आपल्याकडं लोकं असंच बोलतात ना!”

“शिफ्ट, ओव्हरटाइम म्हणतात. ‘आवाज आली’ कोण म्हणतं? मॉडेलला शिकवायला जमवलेल्या तुमच्या मराठीच्या ढिगात हिंदी भरलीय,” मी म्हणाले. “तो ढीग दाखवा.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण एक गोष्ट मला आधीच खुपत होती. या सूचनांच्या शेवटी मशीन हटकून एक वाक्य लिहायचं: ‘जपून काम करा, घरी जेवायला थांबलेत.’ तेवढंच अस्सल मराठी. वडील शिफ्टला निघाले की आई दारातून असंच म्हणायची.

ढिगाचा नमुना आला. काही पानं निव्वळ हिंदी होती; लिपी एकच, म्हणून छाननीत मराठी ठरलेली. बाकी बरीचशी हिंदीवरून घाईत उतरवलेली. त्यातच सुरक्षेची पत्रकं सापडली, तीच ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या साइटवरून उचललेली. प्रत्येकाच्या तळाशी आईचं वाक्य.

ती पत्रकं माझी होती. कुरुळीत एका कंत्राटदाराकडे असताना मी हिंदी मजकूर भाषांतराच्या मशीनमध्ये टाकायचे, जे येईल ते वरवर चाळून द्यायचे. कोण वाचतंय, असं वाटायचं. शेवटचं वाक्य तेवढं स्वतःच्या हातानं लिहायचे, मन खाऊ नये म्हणून. ही नोकरी मिळाली ती त्याच पत्रकांचा अनुभव दाखवून.

गप्प बसता आलं असतं. दोन दिवस बसलेही. आपलेच दात, आपलेच ओठ. तिसऱ्या दिवशी लीडरला सांगितलं, “ही पत्रकं काढून टाका. माझीच आहेत.”

तो हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं. “मॅडम, ह्याच्यावरच तर तुम्हाला घेतलं होतं,” एवढंच म्हणाला. पुढच्या महिन्यापासून मला नुसतं शुद्धलेखन तपासायला दिलं.

हिंदी पानं आणि माझी पत्रकं काढून नवं मॉडेल शिकवलं गेलं. मी मुद्दाम प्रेस मशीनबद्दल विचारून पाहिलं. चुका कमी झाल्या होत्या, पण ‘आवाज आली’ अजून होतंच. माझ्यासारखे कितीतरी जण असणार, त्यांची पानं कोण ओळखणार?

सूचना संपली. खाली पाहिलं. जेवायला कुणी थांबलं नव्हतं.