हनुवटीवरचा ठिपका

डिंडोलीतल्या एका फोटो स्टुडिओत मी रीटचिंगचं काम करायचे. एका दुपारी साड्यांच्या कारखान्यात काम करणारं जोडपं गेलेल्या मुलीचा फोटो घेऊन आलं. एकोणीस वर्षांची पोर डेंग्यूने गेली होती.

"ताई, तेवढे मुरूम काढा," आई म्हणाली. "त्यांच्यापायी ती फोटोच काढू द्यायची नाही. पण चेहरा तिचाच राहू द्या."

मी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. मूळ फोटोला धक्का न लावता, वेगळ्या लेअरवर हीलिंग ब्रशने, शेजारच्या कातडीचा नमुना घेत एकेक मुरूम पुसला आणि जुन्या वणांच्या सावल्या उजळल्या. सगळा चेहरा गुळगुळीत केला नाही, त्यामुळे बारीक रंध्रं तशीच राहिली. गालावरचा तीळही ठेवला. हनुवटीवरच्या काळ्या ठिपक्यापाशी मात्र मी थांबले.

"हा तीळ की डाग?"

"डागच," आई म्हणाली.

"तीळ आहे तो," वडील म्हणाले.

मी लहानपणचा फोटो मागितला. मुरूम येतात-जातात, तीळ जागा सोडत नाही. वडिलांच्या मोबाइलमध्ये ती सहा वर्षांची होती, आणि ठिपका तिथेच होता.

आई पडद्याकडे बघत राहिली. "मी त्याच्यावर रोज मलम लावायला लावायचे. ती म्हणायची, मम्मी, हा तीळ आहे. मी तिलाच ओरडायचे."

"ठेवू ना?" मी विचारलं.

आई उठून बाहेर गेली. वडील म्हणाले, "ठेवा." प्रिंट निघाली तेव्हा ती पायरीवर तोंडाला पदर लावून बसली होती.