टोपीची दोरी आणि तिची नोकरी

विद्यानगरला माझ्या घराच्या अंगणात पाळणाघर आहे. पोरं थोडीच, पण आवाज बाजाराचा. आमच्या हैदराबादची थंडी कशी, सकाळी कुडकुड आणि अकराला घाम! म्हणून मी आयांना सांगते, बाई, जाड एक नक्को, पातळ तीन घाला. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर हलका स्वेटर. ऊन चढलं की एकेक काढायचं. घाम अंगावरच गार झाला की पोर काकडतं. आणि दोऱ्या, गोंडे, मफलर काही नको.

नारायणगुड्याची एक सून हे नेमानं करायची. पोरगा तीन वर्षांचा. ती बँकेत लागलेली, आणि सासूनं दम दिलेला, "पोराला काही झालं, की नोकरी बंद." म्हणून बिचारी शर्टाची सुटू आलेली बटणंसुद्धा पक्की करून आणायची.

सासू वकिलाच्या घरची. एकदा फाटकातच, सगळ्या आयांसमोर म्हणाली, "अगं ए, पोराला चिंध्या गुंडाळून आणलंस काय? माहेरी स्वेटर बघितला नव्हता वाटतं!" दोघीतिघी हसल्या. सून खाली बघून पोराच्या बाह्या सारख्या करत राहिली.

मग एक दिवस सून लवकर गेली आणि सासू पोराला घेऊन आली. अंगात गादीसारखं नवं जॅकेट. त्याच्याच टोपीला लांब दोरी, टोकांना मणी.

मी म्हटलं, "दोरी ओढून काढते हं, घसरगुंडी आहे इथं."

"हात लावू नका! भारीतलं आहे. तुमच्याकडची पोरं घालतात तसलं नाही."

ती गेली तशी मी कात्री आणायला आत वळले. तेवढ्यात किंचाळी. पोरगं घसरगुंडीवर अर्ध्यात अडकलेलं. मणी वरच्या फटीत रुतलेला, दोरी गळ्याशी ताणलेली. धावले, त्याला वर उचलून धरलं, चेन उघडली, जॅकेटातून काढला. रडला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वळ आहे तो जाईल.

संध्याकाळी सून आली. वळ बघितला, मग कोपऱ्यातलं जॅकेट उचललं.

"मावशी, हे जॅकेट मी नाही घातलं हो."

"माहीत आहे गं मला. मी सांगते ना तुझ्या घरी."

लगेच फोन केला, सगळं सांगितलं. तिचा नवरा म्हणाला, "आईनं मायेनं घातलं असेल. हिचं लक्ष असतं तर झालं असतं का?"

आठवड्यात सुनेनं राजीनामा दिला.

पोराची पिशवी न्यायला सासू आली. मी तोंडावर म्हटलं, "दोरी तुम्ही आणलेल्या जॅकेटची होती."

"असेना का कुणाची," पिशवीतले कपडे तपासत ती म्हणाली. "सून घरी बसली ना."

मग जाता जाता अगदी गोड आवाजात विचारलं, "त्याच्या जागी दुसरं पोर मिळालं का हो तुम्हाला?"