फोटोबरहुकूम

माझ्या चुलत दिरांइतका चित्रावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. उभी हयात एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करण्यात गेली. समोर नकाशा आणि हातात तुकडा. जुळला तर पास, नाही तर बाजूला. निवृत्त झाले तरी ही खोड काही निवृत्त झाली नाही. स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात मिसळ आली, तर भाऊजींनी मेनूकार्ड बशीशेजारी उभं केलं आणि वेटरला बोलावलं. म्हणाले, "चित्रात शेव वर आहे, तुमच्याकडे खाली गेलीय." तो बिचारा म्हणाला, "काका, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं." "पोटातलं मी बघतो, बशीतलं तुम्ही बघा," हे भाऊजींचं उत्तर. एकदा आम्ही सगळे लोणी काळभोरच्या बाजूला शेतावर जेवायला गेलो. जाहिरातीत बैलजोडी होती आणि दावणीला एकच बैल. राखणदार म्हणाला, "दुसरा शेजारच्यांनी नेलाय, येईल की, जवळच हाय." भाऊजी दावणीशी खुर्ची टाकून बसले. बैल आला, भाऊजींनी फोटोशी त्याची शिंगं ताडून पाहिली आणि मगच आम्ही पिठल्याला हात लावला. भूक काय असते हे त्या दिवशी मला नीट कळलं.

माझी जाऊ होती तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. लांबलेल्या आजारपणात ती गेली आणि भाऊजी एकदम गप्प झाले. डब्यात काहीही येवो, खायचे. माणूस तक्रार करेनासा झाला तेव्हा आम्ही खरे घाबरलो. शेवटी ह्यांनी त्यांना पटवून एका ज्येष्ठांच्या सहजीवन मंडळात नाव घातलं. फोटो मागितला, तर भाऊजींनी लग्नाच्या वाढदिवसाचा दिला. खांद्यावर जावेचा हात, मनगटात हिरव्या बांगड्या, आणि बाकीची ती चौकटीबाहेर. मी म्हटलं, "अहो भाऊजी, हा हात तेवढा कापा." म्हणाले, "वहिनी, हात कापला तर माझा खांदाही जातो." मी वाद घातला नाही.

मंडळाकडून एका बाईंचा फोटो आला. शिडशिडीत बांधा, काळाभोर लांब शेपटा, गुळगुळीत चेहरा. भाऊजींनी फोटो इतक्या वेळा मोठा करून पाहिला की मला पुढचं दिसायला लागलं. मी म्हटलं, आधी व्हिडिओवर बोलून घ्या. पण बाईंकडे प्रत्येक वेळी नेमकी रेंज नसायची. मला तेव्हाच शंका आली होती. भेट ठरली कर्वेनगरातल्या एका कॅफेत, भर दुपारी, आणि सोबतीला मी. ह्यांनी मला निघताना बजावलं, "तो काही बोलायला लागला, की टेबलाखालून पाय दाब." ह्यांना वाटत होतं तेच मलाही वाटत होतं. एक शब्द वाकडा गेला असता, तर ती बाई रडत घरी गेली असती आणि हा माणूस पुन्हा कुणाला भेटायला म्हणून उंबरठा ओलांडता ना.

आम्ही दाराकडे तोंड करून बसलो. माणसं येत होती, जात होती. स्थूल बांध्याच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एक बाई आत येऊन उभ्या राहिल्या. माझी नजर त्यांच्यावरून सरकून त्यांच्यामागच्या दारावर गेली. भाऊजींचीही गेली. बाईंनी ते पाहिलं. त्यांचा हात पर्सच्या बंदावर घट्ट झाला आणि त्या परत फिरायच्या बेतात दिसल्या, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाकाचा शेंडा सोडला तर फोटोतलं काहीही समोर नव्हतं. आता शेव वर की खाली हे निघणार, या भीतीने मी पाय तयार ठेवला.

भाऊजी उठून उभे राहिले. खुर्ची मागे ओढली, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता म्हणाले, "सुलभाताई ना? या, बसा. आम्ही उगाच दाराकडे बघत राहिलो, माफ करा. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या." मी इतकी थक्क झाले की माझ्याच तोंडून निघालं, "अगंबाई, फोटोत तर तुम्ही…" आणि माझ्या पायावर सणसणीत चप्पल पडली. भाऊजींनी माझा पाय दाबला होता. मला. पुढचा सगळा वेळ मी नुसती बघत होते. त्यांनी बाईंना आपादमस्तक न्याहाळलं नाही, की नजरही चुकवली नाही. बसस्टॉप, गुडघे, त्यांची शाळेतली नोकरी असं साधं बोलत राहिले. "पण चेहरा किती प्रसन्न आहे तुमचा" अशी खोटी मलमपट्टीसुद्धा केली नाही. विषय त्यांनी बाईंवर सोडून दिला होता.

कॉफी अर्धी झाल्यावर बाईंनीच तो काढला. "फोटो फार जुना आहे. थायरॉइडच्या आधीचा. त्यात भाचीने फोनवर गुळगुळीत केला. तुम्ही दचकलात ना?"

"दचकलो," भाऊजी म्हणाले. "नाही म्हणालो तर तुमचा पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसणार नाही. पण दचकणं माझं, ते मी माझं आवरतो. फोटो मात्र बदला. माझ्यासाठी नाही हो, तुमच्यासाठी. त्या फोटोपायी तुम्ही घरापासून इथपर्यंत धाकधूक करत आलात. हे कशाला सोसायचं?"

बाईंनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाल्या, "म्हणजे दुसरं स्थळ बघू?"

"तसं मी म्हटलेलं नाही. आत्ता कुठे ओळख झाली, आणखी थोडी होऊ दे. नसेल जमत तर तसं स्पष्ट कळवीन. फोन उचलायचा बंद करणार नाही."

बाई हसल्या. खरं सांगते, त्या हसल्या तेव्हा त्या फोटोपेक्षा बऱ्या दिसल्या. भाऊजींनी त्यांना खिडकीशी, उजेडात बसवलं आणि फोटो काढला. दाखवून, विचारून, त्यांना आवडला तोच ठेवला.

मग बाईंनी स्वतःच्या फोनवर भाऊजींचा फोटो उघडला. "आता मी विचारू? फोटोत तुम्ही दोघं आहात, भेटायला एकटेच आलात."

भाऊजींची मान खाली गेली. "शेवटी शेवटी तिला बघायला लोक यायचे," ते म्हणाले, "आणि दारातच थबकायचे. 'ओळखूच आला नाहीत' म्हणायचे. तिचे केस गेले होते, चेहरा सुजला होता. नंतर ती बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायची." हे मला माहीत नव्हतं. आम्ही त्या घरी कितीदा गेलो होतो, आणि ती झोपली आहे असंच आम्हाला सांगितलं जायचं. बाईंनी 'कापा' म्हटलं नाही, 'असू दे'ही म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "बांगड्या तुम्ही आणल्या होत्या?" भाऊजींनी मान हलवली.

त्यांचं पुढे काय ठरलंय, मला नक्की ठाऊक नाही. दर आठवड्याला भेटतात एवढं कळतं. मिसळ खाऊन आलेले असले की भाऊजी सांगतात, पण शेव कुठे होती ते सांगत नाहीत. परवा मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा नवा फोटो दिसला. तीच कॅफेची खिडकी, तोच उजेड, काढणारं कोण ते विचारायला नको. खांदा रिकामा होता. मी फोन केला तर म्हणाले, "वहिनी, जुना टाकलेला नाही हां. तो घरात लावलाय. भेटायला येणाऱ्याला मात्र फोटोत समोर जो बसणार तोच दिसायला हवा." मी बरं म्हटलं. मग फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तिला चाललं असतं ना हो?"