एकशे पंचेचाळीस की नऊशे चौऱ्याऐंशी

आमचे सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल-नारळ दिला. मी त्यांना मोबाइल उभा करायचा स्टँड दिला. वरवट बकालच्या शाळेत आम्ही नऊ वर्षं शेजारच्या वर्गांत शिकवत होतो. मधली भिंत पातळ असल्यामुळे त्यांचे पाढे मला माझ्या वर्गात ऐकू यायचे. पाढा म्हणताना त्यांचा आवाज एका लयीत चढायचा आणि मुलं आपोआप मागे म्हणायची. हे कुठेतरी राहावं असं मला वाटायचं. ते नांदुऱ्यातच राहत होते, मीही. तेव्हा दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर फळा टेकवून आम्ही चित्रण सुरू केलं. अकरापासून तीसपर्यंतचे पाढे, एकेक वेगळा व्हिडिओ.

व्हिडिओला शीर्षक द्यायचं काम माझं, पण शेवटचा शब्द त्यांचा. पहिल्याच दिवशी मी "11 चा पाढा" असं लिहिलं, तर त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मॅडम, हे काय लिवलं?"

"अकराचा पाढा, सर."

"पाढा मराठीत अन् अकरा इंग्रजीत काऊन? पोराले फळ्यावर जे दिसते तेच वर लिवा."

मी पुसून "११ चा पाढा" केलं. मलाही ते बरोबर वाटलं. आमच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकात आकडे मराठीच असतात. खालच्या वर्णनातही मी सगळीकडे मराठी आकडे ठेवले. वीस व्हिडिओ तयार करून आमच्या चॅनेलवर टाकले आणि जवळपास कुणीच पाहिले नाहीत. आमच्या शाळेतल्या मुलांच्या पालकांना मी दुवे पाठवले होते, तेवढेच काय ते.

चॅनेलच्या मागच्या बाजूला एक पान असतं. लोक काय शोधून आपल्या व्हिडिओवर आले, त्या शब्दांची यादी तिथे दिसते. ते पान सापडल्यावर मी सरांना दाखवलं. यादी छोटीच होती: "२९ चा पाढा", "१७ चा पाढा मराठी", "एकोणतीसचा पाढा".

सर खूश झाले. "पाहा. लोक मराठीच आकडे लिवून राह्यले."

मी हो म्हणाले. शाळेला जाताना बसमध्ये मात्र तो विषय डोक्यातून जाईना. मग लक्षात आलं, की ही यादी फक्त पोचलेल्यांची आहे. जे दुसरं काही लिहून दुसऱ्याच कुणाच्या व्हिडिओवर गेले, त्यांचे शब्द आमच्या यादीत येणार कसे? आमच्या दाराशी आलेल्यांनाच आम्ही विचारत होतो, की दार सापडलं का.

संध्याकाळी सरांना हे सांगितलं. ते गणिताचे शिक्षक. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. म्हणाले, "मंग न आलेल्यायले विचारा."

पुढचा आठवडाभर मी तेच केलं. भेटेल त्याला म्हणायचे, "तुमच्या फोनवर एकोणतीसचा पाढा शोधून दाखवता का?" आणि त्याची बोटं बघत राहायचे. माझ्याजवळच्या वहीत मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

आमच्या शिक्षक खोलीतल्या बाईंनी इंग्रजी कळफलकावर मराठीच लिहिलं: 29 cha padha. रोज मुलांना मराठी शुद्धलेखन शिकवणाऱ्या बाई! मी हसले तर म्हणाल्या, "अवो, मराठी कीबोर्डवर जोडाक्षर शोधता शोधता पाढाच पाठ होईन."

नांदुरा स्टँडसमोरच्या बियाण्याच्या दुकानदारांनी काही लिहिलंच नाही. फोन तोंडाजवळ धरून "उनतीस का पहाडा" म्हणाले, आणि फोनने आपणहून 29 लिहिलं. तेव्हा मी माझ्या फोनला मराठीत "एकोणतीसचा पाढा" असं सांगून पाहिलं. त्यानेही 29 च लिहिलं. मी मराठीत बोलले होते. आकडा कसा लिहायचा हे मला कुणी विचारलंच नाही.

आमच्या बसच्या कंडक्टरने 29 table in marathi लिहिलं. माझ्या जावेने मराठी कळफलक उघडला, पण आकड्यांच्या पानावर तिला 1, 2, 3 च दिसले. बोट दाबून धरलं की वर छोटासा मराठी आकडा येतो हे तिला माहीत नव्हतं, मलाही त्याच दिवशी कळलं. तिने लिहिलं "29 चा पाढा".

मराठी आकडा लिहिणारी एकच जण भेटली, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी. मला कौतुक वाटलं. विचारलं, "तू मुद्दाम मराठी आकडे वापरतेस का?"

ती गोंधळली. "नाही मावशी. माह्या फोनमध्ये तसेच येतात. मी कुठं ठरवलं?"

मी तिचा फोन हातात घेऊन पाहिला. तिच्या मराठी कळफलकावर समोर १, २, ३ होते आणि दाबून धरल्यावर 1, 2, 3 येत होते. माझ्या जावेच्या फोनच्या बरोबर उलट. म्हणजे ज्याला आम्ही भाषेवरचं प्रेम समजत होतो, ते निदान या दोघींच्या बाबतीत तरी फोन बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

वही सरांपुढे ठेवली. त्यांनी पानं दोनदा उलटली. वाईट वाटलं होतं त्यांना, लपवत नव्हते. पण म्हणाले, "अंदाजानं नको. अर्धे बदला, अर्धे राहू द्या. मंग पाहू."

त्याप्रमाणे विषम पाढ्यांची शीर्षकं मी बदलली: "29 चा पाढा मराठीत". वर्णनात पहिलंच सरळ वाक्य लिहिलं, की या व्हिडिओत सर एकोणतीसचा, म्हणजे २९ चा पाढा म्हणून दाखवतात. आणि पुढे इंग्रजी लिपीत 29 cha padha. सम पाढे होते तसे ठेवले. दुसरं काहीही बदलायचं नाही असं ठरलं. व्हिडिओंवरची चित्रंही तीच.

दीड-दोन महिने थांबलो. मी रोज ते पान उघडायचे, सर रविवारी विचारायचे. हळूहळू विषम पाढ्यांची यादी लांबायला लागली. 29 चा, 23 cha padha, 19 cha pada, एकाने तर नुसतंच "29 ch padha". सम पाढेही अधूनमधून कुणाला तरी सापडत होते, इंग्रजी आकड्यांनीसुद्धा, पण फार कमी. विशेष म्हणजे बदललेल्या २९ च्या पाढ्यावर मराठी आकडा लिहिणारेही येतच राहिले. ते का, हे मला नक्की सांगता येणार नाही. वर्णनातल्या त्या वाक्यामुळे असेल, किंवा शोधणारं यंत्र दोन्ही आकडे कधी कधी एकच धरत असेल. आम्हाला आत डोकावता येत नव्हतं.

"चला," सर म्हणाले, "वरचा आकडा इंग्रजी, फळ्यावरचा मराठी. असं चालन."

मी उरलेली शीर्षकं बदलायला बसणार, तेवढ्यात २९ च्या पाढ्याखाली पहिली तक्रार आली. लिहिलं होतं: "सर पाचव्या ओळीत चुकलं. 145 पाहिजे. तुम्ही 984 काऊन लिहिलं?"

सरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं पाढे शिकवलेला माणूस. "मी चुकलो?" ते उठून फळ्यापाशी गेले, पाचवी ओळ पुन्हा लिहिली, १४५, आणि बोटाने तपासली. "बरोबर तर आहे. नऊशे चौऱ्याऐंशी कुठून आणलं यानं?"

मलाही कळेना. मी फळ्याकडे बघत राहिले. मग त्याखाली खडूने 984 लिहिलं. वर १४५, खाली 984. दोघांनाही एकदमच दिसलं. इंग्रजीच शिकलेल्या डोळ्यांना १ हा 9 वाटतो, ४ हा 8 आणि ५ हा जवळपास 4. त्या मुलाने काही चुकीचं वाचलं नव्हतं. त्याला येत होते त्या आकड्यांत त्याने नीट वाचलं होतं.

"सेमी इंग्रजीचं पोर असणार," मी म्हणाले. "त्यांच्या गणितात इंग्रजीच आकडे असतात. आधी आपल्यापर्यंत पोचतच नव्हतं. आपण शीर्षक बदललं म्हणून आलं, आणि आत आल्यावर फळा वाचता येईना."

सर खुर्चीवर बसले. मला वाटलं आता ते चिडतील, की आपल्याच भाषेतले आकडे पोरांना येत नाहीत. पण ते वेगळंच बोलले.

"मॅडम, मी पयलीत गेलो तवा मले मराठी आकडे नीट येत नव्हते. घरी अम्मीनं उर्दू शिकवले होते. आमचं शून्य म्हंजे नुसता ठिपका. गुरुजींनी दहा लिवाले लावले. मी मराठी एक काढला अन् पुढं ठिपका देल्ला. गुरुजी म्हने, अरे हे तं एकच झालं, शून्य कुठाय? मी ठिपक्यावर बोट ठेवून म्हनलं, हे काय! सगळा वर्ग हसला."

"मग?"

"गुरुजी नाही हसले. त्यायनं मले फळ्यावर बोलावलं, म्हने, तुह्यावाले आकडे लिव. मी सगळे लिवले. त्यायनं खाली मराठी लिवले. सात लिवला तवा गुरुजी म्हने, हा तं इंग्रजी व्ही दिसते. मंग आख्खा वर्ग दोन्ही शिकला."

एवढं सांगून त्यांनी डस्टर घेतलं आणि फळा पूर्ण पुसला. त्याच सकाळी आम्ही नवा व्हिडिओ केला. फळ्याच्या मधोमध रेघ, डावीकडे १ ते ९ आणि शून्य, उजवीकडे 1 ते 9 आणि शून्य. सर एकेका आकड्यावर थांबत होते. "हा पाहा आपला एक. तुमच्या नऊसारखा दिसते, पण एकच आहे." सातापाशी ते हसले. "हा उलटा सहा नाही. सात आहे."

मी त्या तक्रारीखाली उत्तर लिहिलं, की तुमचं म्हणणं आम्हाला फार उपयोगी पडलं, आणि नव्या व्हिडिओचा दुवा दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारा मुलगा नव्हता, देऊळघाटच्या एका मुलीची आई होती. मुलगी सहावीत, सेमी इंग्रजीत. आईने लिहिलं होतं, की मला दोन्ही आकडे येतात, पण मी स्वयंपाक करत होते, पोरगी ओरडली की सर चुकले, म्हणून तिच्या सांगण्यावरून मीच टाइप केलं. आता ती घराचा नंबर, बसची पाटी, कॅलेंडर, सगळं वाचत सुटली आहे.

सरांनी ते तीनदा वाचायला लावलं.

त्यानंतर आम्ही पाढे पुन्हा चित्रित केले, सगळे वीस. फळ्यावर आता प्रत्येक ओळीत मराठी आकडा मोठा आणि शेजारी इंग्रजी जरा लहान. वेळ दुप्पट लागतो. सरांचा हात भरून येतो, मधे चहा होतो. शीर्षकात मी इंग्रजी आकडा ठेवते. त्यावर आमचा अजून थोडा वाद होतो, कारण सरांना वाटतं निदान एका पाढ्याला तरी मराठी आकडा वर राहू द्यावा. परवा त्यांनी हट्टच धरला, म्हणून तीसचा पाढा "३०" असाच ठेवला आहे. कोण काय लिहून तिथवर येतं, ते आम्ही दोघंही दर रविवारी उघडून बघतो.