सात पूर्णांक एक

माझं सांगलीचं दोन खोल्यांचं घर विकायला मी नाही म्हटलं आणि पंधरा दिवसांत मला थायरॉइड झाला. म्हणजे माझ्या मुलाच्या मते झाला.

मुलगा इथे लखनऊला बँकेत आहे. न्यूमोनियाने मला दवाखान्यात घातलं होतं, त्यातून उठून घरी आले त्याला जेमतेम दोन आठवडे झाले असतील. तेवढ्यात याने ऑफरमधलं कसलंसं फुल बॉडी चेकअप बुक केलं. सकाळी एक पोरगी येऊन रक्त घेऊन गेली आणि संध्याकाळी रिपोर्ट याच्या मोबाइलवर. टीएसएच सात पूर्णांक एक, समोर लाल बाण. मर्यादा साडेचारपर्यंत.

"बघ आई, तुझी चिडचिड उगाच नाहीये. थायरॉइडमुळे माणूस असाच हट्टी होतो," मुलगा म्हणाला. बँकेतल्या माणसाला एक आकडा दिला की तो स्वतःला डॉक्टर समजायला लागतो.

सून त्याच्याहून शहाणी. "आई, घराचं आत्ता नकोच. गोळी सुरू झाली की तुम्हीच शांतपणे हो म्हणाल," हे ती चहाचा कप पुढे करत, अगदी गोड आवाजात म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं शाळेत पोरं शिकवली, नवरा गेल्यावर त्या घराचे हप्ते एकटीने फेडले, आणि माझा नकार म्हणजे यांना गळ्यातल्या ग्रंथीचा बिघाड वाटतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण यांच्यासमोर रडले असते तर तेही लक्षणांत धरलं असतं, म्हणून चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी अमीनाबादच्या बाजारातून येताना चिरंजीव गोळ्यांची डबीच घेऊन आले. ऑफिसातल्या कोणाची बायको घेते म्हणे, तीच, शंभर मायक्रोग्रॅमची. "रोज उपाशीपोटी एक. आता जन्मभर." जन्मभर हा शब्द त्याने दूधवाल्याचा रतीब लावावा तसा उच्चारला. मी डबी उचलून फ्रिजवर ठेवली आणि सांगितलं, आधी डॉक्टर, मग गोळी. "हाँ हाँ, ते पण करू," तो म्हणाला. आणखी एक हट्ट जमेस धरला असणार.

डॉक्टरीणबाई मुलाच्याच वयाच्या. रिपोर्टवर एक नजर टाकून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "अम्मा जी, पिछले दिनों बीमार पड़ी थीं क्या?"

मी न्यूमोनियाचं सांगितलं. त्या मुलाकडे वळल्या. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही, म्हणाल्या. तो मेंदूखालच्या एका ग्रंथीचा थायरॉइडला हुकूम असतो, काम कर म्हणून. मोठ्या आजारातून माणूस उठत असताना हा हुकूम काही दिवस वाढतो आणि आपोआप खाली येतो. एरवीही तो थोडा वर-खाली होतो, वयाबरोबर जरा चढतो. एका आकड्यावर, तोही एवढ्याशा वाढलेल्या, औषध ठरत नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, सोबत थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, फ्री टी-फोर, बघायचं. तरीही वाढलेला आला तर वय आणि त्रास बघून ठरवू.

"पण मॅडम, चिड़चिड़ापन बहुत है," माझा कर्तबगार मुलगा म्हणाला आणि डबी दाखवली.

बाईंनी डबीवरचा आकडा वाचला. "चौहत्तर की उम्र में, बिना ज़रूरत, सीधे सौ? धड़कन बिगड़ जाती तो?" आवाज चढवला नाही. मुलाचे कान लाल झाले. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

मधले दोन महिने मी घरात पेशंट म्हणूनच वावरले. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तरी दोघं एकमेकांकडे बघायची. घराचा विषय कोणी काढला नाही. माझं मत रिपोर्ट येईपर्यंत धरायचंच नव्हतं.

दुसरा रिपोर्ट आला. टीएसएच तीन पूर्णांक आठ, फ्री टी-फोर व्यवस्थित. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीची काही गरज नाही. परतताना गाडी चारबागच्या गर्दीत अडकली. दोघं पुढे बसून खूश होती. एवढं मात्र खरं, मुलाचा जीव भांड्यात पडला होता.

"आता मला घराचं विचार," मी मागून म्हटलं.

"आत्ता? गाडीत?"

"आत्ताच. रिपोर्ट ताजा आहे."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बरं. सांगलीचं घर विकायचं का, आई?"

"नाही."

सुनेने मांडीवरचा रिपोर्ट उघडला, एकदा पाहिला आणि मिटून पर्समध्ये ठेवला.