सत्कारासकट व्याख्यान

आमच्या बारामतीच्या कॉलेजातलं गणिताचं व्याख्यान मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. निरवांगी गावात घरी आजारी पडलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला ते परीक्षेआधी हवं होतं. तिथं नेट रडतखडत चालतं. सुरुवातीचा अर्धा तास नुसता पाहुण्या व्याख्यात्यांचा सत्कार: शाल, नारळ, प्राचार्यांची बडबड.

"सत्कार कापू नका हं," प्राचार्य म्हणाले. मी लाचारासारखी मान डोलावली आणि सगळं एकाच मेलमध्ये कोंबायला चित्राचा दर्जा पार उतरवला.

तिचा फोन आला. "सर, शाल दिसती. फळ्यावरचं गणित दिसत न्हाय."

मग कुणाला न विचारता सत्कार उडवला, गणिताचे छोटे तुकडे केले आणि अक्षरं वाचता येतील असे वेगवेगळ्या मेलनं पाठवले. प्राचार्यांपेक्षा माझ्या त्या डोलणाऱ्या मानेचीच मला जास्त किळस येते.